पत्रात आधी कमेंट्स काढायला सांग, शिक्षेचं वेगळं लिही

प्रश्न: आमच्या कॉलेजच्या फेसबुक पेजवर वर्गातला एक मुलगा माझ्याबद्दल घाणेरड्या कमेंट्स टाकतोय, पेज पब्लिक आहे, सगळे वाचतात. त्या काढून टाका म्हणून प्रिन्सिपलना पत्र द्यायचंय, कसं लिहू?

वयाने मोठी आहे म्हणून सरळ तू म्हणते. मी बरीच वर्षं एका कॉलेजच्या ऑफिसमध्ये होते, येणारी पत्रं पण माझ्याकडे आणि पेज पण माझ्याचकडे, त्यामुळे अशी पत्रं कुठे अडकतात ते मी टेबलाच्या त्या बाजूने बघितलंय.

एक मुलगी आली होती, तिचीही गोष्ट जवळपास तुझ्यासारखीच. गॅदरिंगच्या फोटोंखाली वर्गातल्या एका मुलाने तीन आठवड्यांत 11 कमेंट्स टाकलेल्या आणि एकात तर तिचा फोन नंबर. तिने अडीच पानी पत्र दिलं, मैत्री कशी होती, कधी तुटली, तो कोणाला काय बोलला, त्याला कॉलेजमधून काढा, आणि पार शेवटी एक ओळ की त्या कमेंट्स पण काढा. सरांनी ते वाचलं आणि त्यांना दिसलं ते दोन विद्यार्थ्यांचं भांडण. मग दोघांना बोलवा, ऐकून घ्या, कमिटीपुढे ठेवा, हे सगळं सुरू झालं आणि कमेंट्स 12 दिवस तशाच वर, नंबरसकट. कोणाचा वाईट हेतू नव्हता हो, पण शिक्षा द्यायची तर दोन्ही बाजू ऐकाव्याच लागतात आणि त्याला वेळ जातो. कमेंट काढायला मात्र कोणाचंच ऐकावं लागत नाही, पेज कॉलेजचं आहे, सरांनी नुसतं हो म्हटलं की अ‍ॅडमिन दोन मिनिटांत काढतो. म्हणून दोन कागद कर. एकात फक्त काढण्याची मागणी, दुसऱ्यात त्या मुलाविरुद्ध तक्रार. एकाच दिवशी दिलेस तरी चालेल पण वेगळे.

पत्राआधी पुरावा गोळा कर, कारण मूळ कमेंट डिलीट झाली की तिच्याखालचे रिप्लाय पण जातात आणि नंतर तक्रारीला दाखवायला हातात काही उरत नाही. लॅपटॉपवर उघड, कमेंटखाली "3 आठवडे" असं लिहिलेलं असतं त्यावर माउस नेलास की पूर्ण तारीख आणि वेळ दिसते, ती दिसत असतानाच वरच्या अ‍ॅड्रेससकट स्क्रीनशॉट घे. त्याच वेळेवर क्लिक केलंस की त्या एका कमेंटची लिंक मिळते, तिच्यात `comment_id` असं दिसेल, ती कॉपी करून ठेव. त्या मुलाच्या प्रोफाइलची लिंक पण घे, नाव काय तो उद्या बदलेल. स्क्रीनशॉटवर लाल गोल वगैरे करू नकोस, कापू पण नकोस, जसे आहेत तसे ठेव.

आणि हो, त्याला ब्लॉक केलं असशील तर तुला त्याच्या कमेंट्स दिसणारच नाहीत. यासाठी अनब्लॉक करू नकोस, कारण एकदा अनब्लॉक केलं की परत ब्लॉक करायला 48 तास थांबावं लागतं. त्यापेक्षा विश्वासातल्या मैत्रिणीला तिच्या अकाउंटवरून स्क्रीनशॉट काढायला सांग.

त्या मुलीचं दुसरं पत्र आम्ही दोघींनी बसून लिहिलं, साधारण असं होतं:

प्रति, मा. प्राचार्य
विषय: कॉलेजच्या फेसबुक पेजवरील माझ्याबद्दलच्या 11 कमेंट्स काढून टाकण्याबाबत

महोदय,
मी द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी आहे. आपल्या कॉलेजच्या पेजवर गेल्या तीन आठवड्यांत एका विद्यार्थ्याने माझ्याबद्दल 11 त्रासदायक कमेंट्स टाकल्या आहेत. क्रमांक 4 च्या कमेंटमध्ये माझा फोन नंबर आहे व मला अनोळखी लोकांचे फोन येत आहेत. प्रत्येक कमेंटची लिंक, तारीख, वेळ व स्क्रीनशॉट सोबतच्या बंद पाकिटात आहेत.
माझी विनंती अशी की, या कमेंट्सची प्रत कॉलेजने आपल्याकडे ठेवून त्या हाइड न करता डिलीट कराव्यात, क्रमांक 4 ची कमेंट आजच काढावी, संबंधित अकाउंटला पेजवर बॅन करावे, आणि केलेली कार्यवाही मला तीन दिवसांत लेखी कळवावी. संबंधित विद्यार्थ्याविरुद्धची तक्रार मी स्वतंत्रपणे देत आहे.

बस, एवढंच. यात त्याने नेमकं काय लिहिलं ते कुठेच नाही बघ, मुद्दाम. पत्र सरांच्या टेबलावर जाईपर्यंत तीन-चार जणांच्या हातातून जातं, शिपाई, क्लार्क, कोणी शेजारून डोकावणारा, आणि ज्या शब्दांचा तुला त्रास होतोय तेच परत ऑफिसभर कशाला फिरवायचे. मुलाचं नाव आणि ते शब्द पाकिटात, पाकिटावर "फक्त प्राचार्यांसाठी". पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्याची पोच घे आणि तेच ईमेलने पण पाठव, म्हणजे लिंकवर क्लिक करता येईल, कागदावरची लांबलचक लिंक कोणी टाइप करत बसत नाही.

आता हाइड न करता डिलीट हे शब्द का, ते सांगते, त्या मुलीच्या पत्रात ते नव्हते, मी आता घातलेत, कारण यात मी स्वतः चुकले होते. पत्र गेलं त्याच संध्याकाळी सरांनी मला काढायला सांगितलं आणि मी सगळ्या कमेंट्स हाइड केल्या, मला वाटलं झालं काम, पेजवर बाहेरून बघितलं तर खरंच गायब. दुसऱ्या दिवशी ती रडवेली होऊन आली की वर्गात अजून वाचतायत. फेसबुकवर हाइड केलेली कमेंट लिहिणाऱ्याला आणि त्याच्या फ्रेंड्सना दिसतच राहते, आणि त्याचे फ्रेंड्स म्हणजे कोण, तर तिचा अख्खा वर्ग! म्हणजे जगापासून लपली पण ज्यांच्यापासून लपायला हवी होती त्यांनाच दिसत होती. म्हणून काढल्या असं कळलं की स्वतःच्या फोनवर बघून खूश होऊ नकोस, त्या मुलाच्या फ्रेंडलिस्टमध्ये असलेल्या कोणाला तरी तीच लिंक उघडायला सांग.

बॅनचं पण तसंच आहे, ते एका अकाउंटपुरतं असतं, तो नवीन अकाउंट काढून परत येऊ शकतो. आमच्याकडे आलाच, चार दिवसांनी, फोटो नसलेल्या प्रोफाइलवरून. तेव्हा नवीन पत्र लिहायच्या भानगडीत न पडता तिने जुन्या ईमेललाच रिप्लाय करून फक्त नवीन लिंक टाकली, आणि मी पेजच्या सेटिंगमध्ये ब्लॉक करायच्या शब्दांच्या यादीत तिचं नाव, आडनाव, टोपणनाव आणि नंबर घातला, मराठीत एकदा आणि इंग्रजी अक्षरांत एकदा. असा शब्द असलेली कमेंट मग आपोआप हाइड होते. अर्थात त्याच्या फ्रेंड्सना ती दिसणारच, पण कोऱ्या अकाउंटला फ्रेंड्स असतात किती, आणि अ‍ॅडमिनला ती सापडली की डिलीट करता येते. स्पेलिंग बदलून लिहिलं तर मात्र निसटू शकते.

अजून एक, तो मुलगा स्टुडंट कौन्सिलमध्ये असेल आणि पेज चालवायचा अ‍ॅक्सेस त्याच्याकडेच असेल तर पत्रात सगळ्यात पहिली विनंती अ‍ॅक्सेस काढून घेण्याची लिही, नाहीतर तुझ्या पत्रावर काही व्हायच्या आत तोच सगळं डिलीट करून मोकळा होईल आणि मी कुठे काय लिहिलं म्हणेल.