IF च्या शिडीत अडकलेला टॅक्स

प्रश्न: ऑफिसच्या पगारपत्रकात २०२५-२६ चा टॅक्स (नवीन पद्धत) काढायचाय. सात लाखवाल्यांचा स्लॅबप्रमाणे बरोबर येतो, पण १८ लाखवाल्या मॅनेजरचा फक्त ७०,००० येतोय. एररही नाही. VLOOKUP करून बघितलं तर एक जण सोडून सगळ्यांना #N/A. कुठं चुकतंय? A2 मध्ये करपात्र उत्पन्न आहे.

```
=IF(A2>400000,(A2-400000)*5%,
 IF(A2>800000,20000+(A2-800000)*10%, ...
```

उत्तर:

७०,००० हा आकडाच सगळं सांगतोय. १८ लाखांतून ४ लाख वजा केले की १४ लाख, त्याचे ५ टक्के म्हणजे ७०,०००. IF वरून खाली वाचत येतो आणि पहिली खरी ठरलेली अट मिळाली की तिथंच थांबतो. १८ लाख हे ४ लाखांपेक्षा जास्त आहेतच, त्यामुळं तुमच्या पुढच्या अटींपर्यंत तो कधी पोचतच नाही. `>` वापरायचं असेल तर सुरुवात २४ लाखांपासून करा आणि खाली उतरत या. ४ लाखांपासूनच चढत जायचं असेल तर `<=` वापरा. सात लाखवाले बरोबर आले, कारण त्यांचा स्लॅब योगायोगानं पहिल्याच अटीत होता.

VLOOKUP मध्ये ज्या एकाचं उत्तर आलं, त्याचं उत्पन्न नेमकं ८ लाख किंवा १२ लाख असं काठावरचं असणार. म्हणजे शेवटी तुम्ही FALSE लिहिलंय. FALSE हुबेहूब तोच आकडा शोधतो. आपल्याला हवी असते त्याच्या लगेच खालची पायरी, म्हणून इथं TRUE लागतो. मात्र TRUE ला टेबल चढत्या क्रमानं लावलेलं हवं, नाहीतर तो मुकाट्यानं चुकीचं उत्तर देतो.

मी स्वतः IF ची शिडी सोडून दिलीय. E2 ते E8 मध्ये पायऱ्या लिहा: 0, 400000, 800000, 1200000, 1600000, 2000000, 2400000. G मध्ये त्यांचे दर, शून्यापासून ५-५ नं वाढत ३० टक्क्यांपर्यंत. F मध्ये त्या पायरीपर्यंत साचलेला टॅक्स. F2 मध्ये 0, आणि F3 पासून खाली हे ओढा:

```
=F2+(E3-E2)*G2
```

साचलेला टॅक्स हातानं टाइप करू नका. मी एकदा १६ लाखांसमोर १,२०,००० ऐवजी १,१०,००० मारले होते. १६ ते २० लाखांमधल्या सगळ्यांचा टॅक्स दहा हजारांनी कमी निघाला आणि बघताना कुणालाच खटकलं नाही. असली चूक पकडायची तर काठाच्या दोन्ही बाजूंचे आकडे घालून बघायचे. १५,९९,९९९ ला टॅक्स १,१९,९९९.८५ येतो, १६,००,००१ ला १,२०,०००.२० यायला हवा. माझ्याकडे तो १,१०,०००.२० आला. दोन रुपयांनी उत्पन्न वाढलं आणि टॅक्स दहा हजारांनी उतरला, म्हणजे साचलेला आकडाच खोटा. (`>` की `>=` यावर लोक तासन्‌तास वाद घालतात, साचलेला आकडा बरोबर असेल तर काठावर दोन्हींचं उत्तर एकच येतं.)

आता B2 मध्ये स्लॅबचा टॅक्स:

```
=VLOOKUP(A2,$E$2:$G$8,2,TRUE)
+(A2-VLOOKUP(A2,$E$2:$G$8,1,TRUE))
*VLOOKUP(A2,$E$2:$G$8,3,TRUE)
```

मॅनेजरचं बघू: १६ लाखांपर्यंत १,२०,०००, वरच्या २ लाखांचे २० टक्के म्हणजे ४०,०००. एकूण १,६०,०००. डॉलरची चिन्हं गाळलीत तर फॉर्म्युला खाली ओढताना टेबलही खाली सरकतं आणि कमी पगारवाल्यांना #N/A यायला लागतो.

पडताळणी मात्र त्याच फॉर्म्युल्यानं करू नका, वेगळ्या वाटेनं करा. दर पायरीला दर ५ टक्क्यांनीच वाढतो, म्हणून ४, ८, १२, १६, २०, २४ लाखांच्या वर जेवढं उत्पन्न आहे त्याची बेरीज करून ५ टक्के घ्यायचे. १८ लाखांना १४+१०+६+२ म्हणजे ३२ लाख, त्याचे ५ टक्के १,६०,०००. शेजारच्या कॉलममध्ये हे ठेवून फरक शून्य येतो का बघा:

```
=SUMPRODUCT((A2>$E$3:$E$8)*(A2-$E$3:$E$8))*5%
```

एवढ्यावर थांबलात तर १२ लाखांच्या आसपासचे लोक भांडायला येतील. १२ लाखांपर्यंत ८७ए ची सूट मिळून टॅक्स शून्य होतो, आणि त्याच्या जरा वर गेलात तर टॅक्स १२ लाखांच्या वरच्या रकमेपेक्षा जास्त घेत नाहीत. १२,१०,००० ला स्लॅबनं ६१,५०० येतात, भरायचे असतात १०,०००. दोन्ही गोष्टी एकाच ओळीत बसतात:

```
=MAX(0,MIN(B2,A2-1200000))
```

साधारण १२,७०,५८८ नंतर हा आधार आपोआप संपतो. यावर ४ टक्के सेस लावा. हे निवासी व्यक्तीच्या पगारासारख्या उत्पन्नाला चालतं. शेअरच्या नफ्यासारखं वेगळ्या दराचं उत्पन्न असेल किंवा ५० लाखांवर सरचार्ज लागत असेल, तर ते वेगळ्या कॉलममध्ये काढा.