प्लांट हेडचा रेझ्युमे: ३४० कोटी नेमके कशाचे?

प्रश्न: चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत प्लांट हेड आहे, २२ वर्षांचा अनुभव. आता व्हीपी ऑपरेशन्स किंवा सीओओच्या जागा बघतोय. रेझ्युमेत वरच लिहिलंय, '३४० कोटींचं बजेट आणि ६७० जणांची टीम सांभाळतो'. तरी कन्सल्टंट म्हणतो, 'वाचल्यावर प्लांट लेव्हलचा माणूस वाटतो.' काय कमी पडतंय?

उत्तर:

व्यनितून कळवलेले आकडे तुमच्या परवानगीने, जरा गोल करून इथे वापरतोय.

आधी ३४० कोटी. ही प्लांटची उलाढाल आहे, बजेट नाही. आणि हा फरक ज्याला पहिल्या नजरेत दिसतो, नेमका तोच माणूस तुमचा रेझ्युमे वाचणार आहे. एकदा शंका आली की पुढचा प्रत्येक आकडा तो अर्धा करूनच वाचतो.

३४० मधले साधारण २०५ कोटी कच्च्या मालाचे. पोलादाचा भाव तुमच्या मुख्य कार्यालयातला खरेदी विभाग ठरवतो आणि भावफरक करारानुसार गाडी कंपनीकडून वसूल होतो. म्हणजे त्या भावावर तुमचा हात नाही, मात्र माल किती वाया जातो यावर आहे. त्यानंतर पगार, कंत्राटी मजुरी, वीज, टूलिंग, मेंटेनन्स, स्टोअर्स आणि वाहतूक मिळून ७० कोटी. दर वर्षी बजेट मीटिंगमध्ये तुम्ही मांडता ते हेच, आणि खर्च वर गेला की महिन्याच्या आढाव्यात बोलणी खाता तीही याचीच. तुमचं बजेट ७० कोटींचं. ऐकायला कमी वाटतं, पण '३४० कोटी उलाढालीच्या प्लांटचा ७० कोटींचा रूपांतरण खर्च' हे वाचल्यावर समोरच्याला कळतं की याला कॉस्ट शीट वाचता येते.

भांडवली खर्चाचंही तसंच. '१८ कोटींचा कॅपेक्स केला' या वाक्यात तुम्ही नक्की काय केलं ते कळत नाही. तुम्ही सांगितलंत की मशीनिंग लाइनचा प्रस्ताव तुमचा, मंजुरी संचालक मंडळाची, उभारणी तुमची आणि तुमच्या स्वतःच्या सहीची मर्यादा २५ लाख. मग सरळ लिहा: '१८ कोटींच्या मशीनिंग लाइनचा प्रस्ताव संचालक मंडळापुढे मांडून मंजूर करून घेतला, लाइन ठरलेल्या खर्चात उभी केली.' सहीची मर्यादा रेझ्युमेत नको, पण मुलाखतीत हमखास विचारतील. 'पी अँड एल सांभाळतो' ही ओळ मात्र काढून टाका. 'मग गिऱ्हाइकाला भाव कोण देतं?' एवढा एकच प्रश्न आला की ती कोसळते. तुमचा बोनस प्लांटच्या एबिटाला बांधलेला आहे, तेव्हा 'प्लांटच्या एबिटाची जबाबदारी' म्हणा. ते खरंही आहे आणि पुरेसं वजनदारही.

टीम: ६७० हा आकडा सुटा लिहू नका. २६० कायम, ४१० कंत्राटी, थेट तुमच्या हाताखाली ८ विभागप्रमुख. त्यातला क्वालिटी हेड मुख्य कार्यालयाला रिपोर्ट करतो, तुमच्याकडे त्याची डॉटेड लाइन. म्हणजे थेट सात आणि एक डॉटेड, असंच लिहा. संदर्भ तपासताना पहिला फोन बहुधा तुमच्या जुन्या वरिष्ठालाच जातो. तरीही खरं सांगायचं तर सीओओच्या जागेसाठी डोकी मोजण्यात कुणाला फारसा रस नसतो. ज्यांचं अप्रेजल तुमच्या हातात नाही, त्यांच्याकडून तुम्ही काम करून घेऊ शकता का, हे त्यांना बघायचं असतं.

आणि त्याचं उत्तर तुमच्याच रेझ्युमेत आहे, पण दुसऱ्या पानावर, शेवटून दुसऱ्या ओळीत: 'तिन्ही प्लांटच्या स्पेअर्सचा साठा एकत्र करण्यात सहभाग.' सहभाग कसला? इतर दोन प्लांट हेड तुमच्या हाताखाली नव्हते, तरी त्यांना राजी करून ते काम तुम्ही पुढे नेलंत. कंपनीच्या पातळीवरचं तुमचं हे एकमेव काम आहे, ते पहिल्या पानावर आणा आणि 'नेतृत्व' हा शब्द इथे खुशाल वापरा.

आता निकाल. तुमची ओळ आहे, 'स्क्रॅप ४.१ टक्क्यांवरून २.३ टक्क्यांवर आणलं.' प्लांट मॅनेजरसाठी उत्तम. सीओओसाठी तोच आकडा कंपनीच्या नफ्यापर्यंत न्यावा लागतो, आणि ते गणित अवघड नाही. स्क्रॅप कच्च्या मालाच्या किमतीवर मोजता, तेव्हा २०५ कोटींवर १.८ टक्के म्हणजे वर्षाला साधारण ३.७ कोटी. पण स्क्रॅप भंगारात विकलं जातं, त्याचे पैसे येतातच. तुमच्या हिशेबात किमतीच्या सुमारे एक तृतीयांश. ते वजा केले की निव्वळ बचत जवळपास २.४ ते २.५ कोटी. कंपनीची उलाढाल ११०० कोटी, म्हणजे कंपनीच्या एबिटा मार्जिनमध्ये ०.२ टक्के बिंदूंची भर. एकट्या प्लांटच्या मार्जिनमध्ये ०.७. कंपनीचा आकडा छोटा दिसतो म्हणून लाजू नका. नऊ टक्क्यांच्या आसपास मार्जिन असलेल्या कंपनीत एका प्लांटच्या एका सुधारणेने ०.२ येणं, हे सीएफओला बरोबर कळतं. भंगाराचे पैसे वजा न करता ३.७ कोटी लिहिलेत, तर तोच सीएफओ तुम्हाला तिथेच धरेल.

'उलाढाल २६० वरून ३४० कोटी, ३१ टक्के वाढ' ही ओळ तर मला सगळ्यात धोक्याची वाटते. या काळात पोलाद कडाडलं होतं आणि भावफरकामुळे तुमची बिलं आपोआप फुगली. तुम्हीच म्हणता की नग १४ टक्क्यांनीच वाढले. मग नगांची वाढ लिहा, सोबत ती कायम कामगार न वाढवता झाली हे लिहा (तसं झालं असेल तरच). उलाढाल फक्त प्लांटचा आवाका सांगण्यापुरती ठेवा. या क्षेत्रातला माणूस पोलादाचे भाव विसरलेला नसतो.

सगळं धरून, हुद्द्याखालची पहिली ओळ साधारण अशी व्हावी:

> ११०० कोटी उलाढालीच्या, तीन प्लांटच्या कंपनीतला ३४० कोटींचा प्लांट. एबिटाची जबाबदारी, ७० कोटींचा रूपांतरण खर्च. २६० कायम व ४१० कंत्राटी, थेट ७ आणि डॉटेड १ विभागप्रमुख. मॅनेजिंग डायरेक्टरला रिपोर्टिंग.

त्याखाली फार तर चार निकाल. ओईई, फाइव्ह-एस, कायझेनचे पुरस्कार मागच्या पानावर, तेही जागा उरली तर. २०१० च्या आधीच्या नोकऱ्यांना कंपनी, हुद्दा आणि वर्षं एवढी एकेक ओळ बस्स.

गोपनीयतेचं तुम्ही विचारलं होतंत. तुमची कंपनी शेअर बाजारात आहे, तेव्हा वार्षिक अहवालात छापून आलेले आकडे बिनधास्त वापरा. चालू तिमाहीचे, अजून जाहीर न झालेले आकडे रेझ्युमेतही नकोत आणि कन्सल्टंटशी फोनवरही नकोत. सेबीचे २०१५ चे इनसायडर ट्रेडिंगचे नियम अशी माहिती बाहेर सांगण्यालाही लागू होतात. प्लांटवार मार्जिन कंपनी जाहीर करत नाही, म्हणून ते टक्के बिंदूंतल्या फरकातच सांगा, मूळ टक्केवारी सांगू नका. एकाच मोठ्या गिऱ्हाइकाचा माल जात असेल तर त्याचं नावही टाळा, 'देशातली आघाडीची प्रवासी गाड्यांची कंपनी' एवढं पुरे.

स्पेअर्सच्या कामात साठा किती कोटींवरून किती कोटींवर आला, तो आकडा तुम्ही व्यनित दिला नाहीत. तो काढा आणि कळवा, मग ती ओळ कशी लिहायची ते सांगतो. अडकलेलं खेळतं भांडवल मोकळं झालं असेल, तर कदाचित स्क्रॅपच्याही वर तीच ठेवावी लागेल.