लेकीच्या लग्नाचा फंड: आरडी करा, पण छत्तीस महिन्यांची नको

प्रश्न: मी लातूरच्या मार्केट यार्डात आडत दुकानावर मुनीम आहे. पगार २४ हजार, घरखर्च १४ हजार. गावाकडे चार एकर आहे. साल चांगलं असलं तर सोयाबीन-तुरीचे खर्च जाऊन वर्षाला ६०-७० हजार राहतात. लेक आता पदवीच्या पहिल्या वर्षाला आहे. तीन वर्षांनी मे महिन्यात तिचं लग्न करायचा विचार आहे. सोनं घरचंच आहे, ते सोडून सहा लाख लागतील. येत्या जूनपासून महिन्याला १५ हजारांची तीन वर्षांची आरडी सुरू करू का? मित्र म्हणतो, आत्तापासून पोट कशाला मारतो, तेव्हा कर्ज काढ अन् निवांत फेड. मंडळी म्हणते पोस्टात टाका, ६.७ टक्के मिळतात. यार्डातली मल्टिस्टेट साडेनऊ टक्के देते. काय करू?

उत्तर:

नमस्कार भाऊ. आधी मित्राचा सल्ला बघू, कारण तो ऐकलात तर बाकीचं सगळं व्यर्थ आहे. सहा लाखांचं वैयक्तिक कर्ज १३ टक्क्यांनी, पाच वर्षांच्या मुदतीने घेतलं, तर महिन्याचा हप्ता साधारण १३,६५० रुपये येतो. पाच वर्षांत ८ लाख १९ हजार भरावे लागतात, म्हणजे व्याजच २ लाख १९ हजार. पण व्याजापेक्षा मोठी अडचण वेगळी आहे. २४ हजार पगारावर एवढा हप्ता बँक सहसा मान्य करत नाही. हप्ता पगाराच्या निम्म्याच्या आत बसावा अशी तिची अपेक्षा असते. मग बँक फार तर पाच-सव्वापाच लाखांवर थांबेल आणि उरलेले पैसे तुम्ही मालकाकडून उचल घेऊन नाहीतर सावकाराकडून शेकडा तीनने आणाल. शेकडा तीन म्हणजे वर्षाला ३६ टक्के. लग्नाची तारीख धरलेली, पत्रिका छापलेल्या, अशा वेळी माणूस दर विचारत नाही. म्हणून 'तेव्हा बघू' हा पर्याय तुमच्या पगारावर मला खरा वाटत नाही.

तुमचा बचतीचा विचार योग्य आहे. १५ हजारांचा आकडा मात्र चुकला आहे. पगारातून घरखर्च जाऊन तुमच्या हातात दहा हजार राहतात. वरचे पाच हजार तुम्ही शेतीच्या पैशातून धरलेत. आरडीचा हप्ता दर महिन्याला येतो, सोयाबीन वर्षातून एकदा येतं. जून ते ऑक्टोबर हे तुमचे सगळ्यात तंगीचे महिने, बी-बियाणं आणि फवारणीचे. त्याच पाच महिन्यांत तुम्ही दर महिन्याला पाच हजारांनी कमी पडाल. हप्ता उशिरा भरला तर दंड किरकोळ असतो, अनेक बँकांत शंभराला महिन्याला दीड रुपया. पण दोन-तीन हप्ते तुंबले की ते एकदम भरायची ताकद राहत नाही, आणि मग माणूस आरडी मोडतो. मोडली की जेवढे महिने चालली त्या मुदतीचा दर लागतो, आणि त्यातूनही बँक अर्धा-एक टक्का कापते. लग्नासाठीच्या बहुतेक आरड्या अशाच मोडतात. दर कमी होता म्हणून मोडलेली आरडी मी पाहिलेली नाही. हप्ता झेपला नाही म्हणून मोडलेल्या पुष्कळ पाहिल्या.

तेव्हा पगाराचा पैसा आरडीत आणि पिकाचा पैसा मुदत ठेवीत, अशी सरळ वाटणी करा.

पगारातून सात हजार काढा. तीन हजार दवाखान्याला आणि लेकीच्या फीला हाताशी राहू द्या. सात हजारांची एकच आरडी काढू नका. एक चार हजारांची आणि एक तीन हजारांची काढा. व्याज तेवढंच मिळतं, पण एखाद्या वर्षी खरंच अडलं तर लहान आरडी मोडता येते आणि मोठी शाबूत राहते.

आता मुदत. इथे तुमचं लक्ष चुकलं आहे. यंदाच्या जूनमध्ये ३६ महिन्यांची आरडी सुरू केली, तर पैसे तीन वर्षांनी पुन्हा जूनमध्येच मिळणार. लग्न मे महिन्यात. वरातीनंतर पैसे हातात येऊन उपयोग काय? शिवाय मंगल कार्यालय, आचारी, मंडप यांची इसार त्याच्याही आधी द्यावी लागते. म्हणून आरडी ३३ महिन्यांची घ्या. ती मार्चमध्ये पिकते, गुढीपाडव्याच्या आसपास, म्हणजे बस्ता बांधायच्या आधी. बहुतेक बँका तीन-तीन महिन्यांच्या टप्प्याने मुदत देतात, त्यामुळे ३३ महिने मागायला संकोच करू नका. त्याआधी, दिवाळीच्या सुमारास कार्यालय बुक करायला २०-२५ हजार लागले तर आरडी मोडू नका. आरडीच्या तारणावर बँक कर्ज देते, तेही आरडीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त दराने. मार्चमध्ये आरडी पिकली की ते वळतं करून टाकतात.

पोस्टाचं म्हणणं इथेच बाद होतं. पोस्टाची आरडी पाच वर्षांची असते आणि ६.७ टक्के त्या पाच वर्षांसाठी आहेत. तीन वर्षं पूर्ण झाल्याशिवाय ती मुदतीपूर्वी बंदच करता येत नाही. म्हणजे तुमच्या मे महिन्यात ते पैसे निघणारच नाहीत. फार तर जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळेल. लग्न पुढे ढकलून जूनमध्ये बंद केली, तरी व्याज बचत खात्याच्या दराने, ४ टक्क्यांनी मिळतं. महिना सात हजारांच्या हिशेबाने तीन वर्षांत ६.५ टक्क्यांच्या बँक आरडीपेक्षा हे साधारण अकरा हजारांनी कमी भरतं. पोस्ट सुरक्षित आहे, वहिनींचा विश्वास बरोबर आहे. फक्त ती मुदत तुमच्या कामाची नाही.

मल्टिस्टेटच्या साडेनऊ टक्क्यांकडे वळूनही बघू नका. बँक बुडाली तर, सहकारी बँक असली तरीसुद्धा, ठेव विमा महामंडळाकडून एका ठेवीदाराला एका बँकेत मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाखांपर्यंत संरक्षण असतं. पतसंस्था आणि मल्टिस्टेट सोसायट्या यांना ते नाही. बीड आणि संभाजीनगरात गेल्या काही वर्षांत ठेवी अडकून किती घरांची लग्नं लांबली, हे यार्डात बसून तुम्ही माझ्याआधी ऐकलं असेल. ज्या पैशाची तारीख ठरलेली आहे, त्याला तीन टक्के जादा व्याजासाठी तिथे ठेवणं मला मान्य नाही.

आता हिशेब मांडतो. बँकेचा दर ६.५ टक्के धरलाय. तुमच्या शाखेत थोडा इकडे-तिकडे असेल, पण आरडी उघडताना जो लागेल तोच शेवटपर्यंत राहतो. सात हजारांचे ३३ हप्ते म्हणजे २ लाख ३१ हजार. मार्चमध्ये त्याचे साधारण २ लाख ५३ हजार होतात. पुढच्या जूनपर्यंत पगार वाढला तर दोन हजारांची तिसरी आरडी २१ महिन्यांची काढा, तीही त्याच मार्चमध्ये पिकेल आणि ४४ हजार ६०० देईल.

पिकाचं बघू. सोयाबीन विकून दुकानाची आणि खताची उधारी फेडली की त्याच आठवड्यात ५० हजार मुदत ठेवीत टाका आणि पिकायची तारीख मार्चचीच घ्या. तुमच्या हातात तीन हंगाम आहेत, पण मी दोनच धरतो. २०२३ ला पावसाने ओढ दिली, २०२५ च्या सप्टेंबरमध्ये उभं सोयाबीन पाण्यात गेलं. मराठवाड्यात तीनही सालं साथ देतील असं धरून लग्नाचा हिशेब करू नये. दोन हंगामांचे एक लाख, वर साडेपाच हजार व्याज. पहिलंच साल चांगलं गेलं तर व्याज थोडं वाढेल.

सगळं मिळून चार लाखांच्या थोडं वर जातं. तिन्ही हंगाम साधले तर साडेचार लाखांच्या पुढे. व्याजावर कराची चिंता नको. तुमच्या उत्पन्नावर कर बसत नाही आणि वर्षाचं व्याज टीडीएसच्या मर्यादेच्या खूप खाली आहे.

म्हणजे सहा लाख जमत नाहीत, हे मी तुम्हाला स्पष्ट सांगतो. उलट महागाई सात टक्क्यांनी धरली तर आजचं सहा लाखांचं लग्न तेव्हा सव्वासात-साडेसात लाखांना जाईल. माझं मत असं की आजच्या भावाने चार लाखांत बसेल एवढंच लग्न ठरवा. तेव्हा त्याचे पाच लाखांच्या आत होतील. चारच लाख जमले आणि लाखभर कमी पडले, तर तेवढं कर्ज घ्यायला माझी हरकत नाही. एक लाखाचा दोन वर्षांचा हप्ता १३ टक्क्यांनी पावणेपाच हजार येतो, आणि तोवर तुम्हाला महिन्याला नऊ हजार बाजूला काढायची सवय झालेली असेल.

दोन लाख कमी कुठून करायचे? पहिली नजर पंगतीवर टाका. आठशे पानं, एका पानाला १८० रुपये धरले, तर १ लाख ४४ हजार. साडेचारशे पानांत ते ८१ हजारांवर येतं, आणि माणसं कमी झाली की कार्यालय, मंडप, आहेराची लुगडी-टोप्या सगळंच उतरतं. या सहा लाखांत पाहुण्यांना 'द्यायचे' म्हणून काही धरले असतील, तर ते आजच खोडा. हुंडा १९६१ पासून गुन्हा आहे, आणि तुम्ही पोटाला चिमटा घेऊन साठवलेल्या हप्त्यांतून तो जावा असं मला मनापासून वाटत नाही. मागणारं स्थळ असेल तर ते स्थळच सोडा.

शाखेत जाताना तीन गोष्टी करून या. पगार पाच तारखेला होत असेल तर हप्ता सात तारखेला आपोआप वळता व्हावा अशी सूचना लिहून द्या, म्हणजे पैसा हातात खेळत राहणार नाही. खातं तुमचं आणि वहिनींचं संयुक्त ठेवा आणि वारस नोंदवा. आणि आरडी पिकल्यावर रक्कम बचत खात्यात जमा करायची की पुढे ठेवीत वळवायची, हे विचारतील तेव्हा बचत खाते सांगा. लेकीला पुढे बी.एड. किंवा एखादी परीक्षा द्यायची असेल, तर लग्न वर्षभर पुढे जाईल. हे तिलाच आत्ता विचारा. तसं झालं तर मार्चमध्ये ती सगळी रक्कम एक वर्षाच्या मुदत ठेवीत टाका आणि हप्ते तसेच चालू ठेवा. कमी पडणारे लाखभर रुपये त्या एका वर्षात कर्जाशिवाय भरून निघतील.