तोफांच्या पल्ल्याबाहेरून

प्रश्न: दुसऱ्या महायुद्धातल्या जपानच्या यामातोसारख्या बॅटलशिपवर एवढ्या अजस्र तोफा आणि हातभर जाड चिलखत होतं, मग विमानवाहू नौकांपुढे ती टिकली का नाही? विमानातल्या बॉम्बने ते चिलखत फुटायचं का?

चिलखत फोडण्याची फारशी गरजच पडली नाही. यामातोला मारलं ते मुख्यतः पाण्याने, आणि ते पाणी आत आलं टॉर्पेडोंनी, म्हणजे पाण्याखालून जाऊन जहाजावर आदळणाऱ्या स्फोटकांनी, पाडलेल्या भोकांतून.

आधी पल्ल्याचं बघू. यामातोच्या मुख्य तोफा ४६ सेंटिमीटर व्यासाच्या. एकेक गोळा जवळपास दीड टनाचा आणि तो साधारण ४२ किलोमीटर जायचा. समोर दुसरी बॅटलशिप असती तर हे भयंकर होतं. पण ७ एप्रिल १९४५ ला जपानच्या दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटाकडे निघालेल्या यामातोवर अमेरिकन विमानं सुटली, तेव्हा त्यांची जहाजं चारशेच्या आसपास किलोमीटर लांब होती. ती जहाजं यामातोला शेवटपर्यंत दिसलीच नाहीत.

गंमत म्हणजे अमेरिकन ताफ्याचे प्रमुख स्प्रुअन्स यांनी आधी आपल्या बॅटलशिपांनाच तयार राहायला सांगितलं होतं. विमानवाहू ताफ्याचे मिचर यांनी मात्र विमानं सोडून दिली आणि मग विचारलं, आम्ही बघून घेऊ की तुमच्या बॅटलशिपा? उत्तर आलं, तुम्हीच बघा. माझ्या मते बॅटलशिपचं युग संपल्याचा याहून स्पष्ट कागद सापडणार नाही.

यामातोच्या डोक्यावर संरक्षणाला स्वतःची विमानं नव्हती. सोबत होती यहागी ही हलकी क्रूझर आणि आठ विनाशिका. त्यात ढग खाली उतरलेले. विमानं ढगांतून बाहेर पडायची तीच अगदी जवळ, त्यामुळे तोफचींना नेम धरायला वेळ मिळेना. मुख्य तोफांसाठी विमानांवर मारायचे खास गोळे होते, त्यांचाही फारसा उपयोग झाला नाही.

आता टॉर्पेडोचं. सहा महिने आधी याच वर्गाची मुसाशी फिलिपिन्सजवळ बुडाली होती. तिला सुमारे १९ टॉर्पेडो आणि १७ बॉम्ब खावे लागले, तरी ती संध्याकाळपर्यंत तरंगत राहिली. कारण टॉर्पेडो दोन्ही बाजूंना लागले होते. दोन्हीकडून पाणी भरलं की जहाज खाली बसत जातं, पण सरळ राहतं. यामातोच्या वेळी बहुतेक सगळे टॉर्पेडो डाव्या बाजूला बसले. जहाज डावीकडे कलायला लागलं. अशा वेळी तोल सावरायला उजवीकडच्या कप्प्यांत मुद्दाम पाणी सोडतात. ते कप्पे भरले, तरी कल कमी होईना. शेवटी उजवीकडच्या इंजिन आणि बॉयलरच्या खोल्यांतही पाणी सोडलं गेलं. आत काम करणारे खलाशी तिथेच गेले. कल थोडा वेळ आवरला, पण आता इंजिनांचीच ताकद कमी झाली. वेग पडला आणि हळू चालणाऱ्या जहाजावर नेम धरणं आणखी सोपं झालं.

साडेबाराच्या सुमारास हल्ला सुरू झाला आणि २ वाजून २३ मिनिटांनी यामातो उलटली, मग स्फोट झाला. तिच्यावरचे तीन हजारांच्या आसपास लोक मेले. अमेरिकेची विमानं गेली दहा. विमानवाहू नौका असं एखादं विमान गमावून दुसऱ्या दिवशी पुन्हा लढू शकते. बॅटलशिपकडे पणाला लावायला स्वतःशिवाय काही नसतं.

मग हे आधीच का नाही झालं? वीस-तीसच्या दशकातली विमानं तोकडी होती. जड टॉर्पेडो घेऊन लांब जाणं त्यांना जमायचं नाही, आणि रात्री किंवा खराब हवेत ती जवळपास निरुपयोगी. विमानवाहू नौकेवर स्वतःचं चिलखत जेमतेमच असायचं. जून १९४० मध्ये नॉर्वेजवळ ब्रिटिशांच्या ग्लोरियसचं एकही विमान हवेत नव्हतं. शार्नहोर्स्ट आणि ग्नायझेनाऊ या दोन जर्मन जहाजांनी तिला गाठून तोफांनीच बुडवलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मात्र ब्रिटिशांच्या २१ जुनाट स्वोर्डफिश विमानांनी इटलीच्या टारांटो बंदरात घुसून तीन इटालियन बॅटलशिपा निकामी केल्या. पर्ल हार्बरवरचा जपानी हल्ला त्याच्या पुढच्या वर्षीचा.

नौदलांना काय कळलं होतं ते गोदीत दिसतं. १९४२ च्या मिडवेच्या लढाईत चार विमानवाहू नौका गमावल्यावर जपानने यामातोच्याच वर्गातली तिसरी नौका, शिनानो, अर्धवट बांधलेली असताना विमानवाहू करायला घेतली. अमेरिकेने माँटाना वर्गाच्या पाच बॅटलशिपा १९४३ मध्ये रद्द केल्या आणि एसेक्स वर्गाच्या विमानवाहू नौका एकामागून एक पाण्यात उतरवल्या. उरलेल्या बॅटलशिपा विमानवाहूंभोवती विमानविरोधी तोफा घेऊन फिरू लागल्या, नाहीतर किनाऱ्यांवर गोळे टाकू लागल्या. १९९१ च्या आखाती युद्धात मिसूरी आणि विस्कॉन्सिनने कुवेतच्या किनाऱ्यावर हेच काम केलं.