फोटो खरा, मजकूर कोणाचा?

“पैशांच्या मदतीच्या आवाहनातला आजारी मुलाचा फोटो खरा की खोटा हे तपासायला गेले की आपण निष्ठुर आहोत असे वाटते, न तपासता पैसे पाठवले की फसल्याची रुखरुख लागते. काय करू?”

असे विचारणाऱ्यांपैकी एका बाईंचा अनुभव त्यांच्या संमतीने, ओळख बदलून लिहीत आहे. भावनेशी वाद घालण्यापेक्षा तिच्यामागचे गृहीतक तपासावे, असे मी मानते. म्हणून मी त्यांना एका छायाचित्राविषयी सांगितले. २०१५च्या नेपाळ भूकंपानंतर, धाकट्या बहिणीला कवेत घेतलेल्या चिमुकल्या भावाचा फोटो भूकंपग्रस्त म्हणून जगभर फिरला. प्रत्यक्षात तो व्हिएतनामच्या हा जियांग प्रांतात, २००७मध्ये, तिथल्याच एका छायाचित्रकाराने टिपलेला होता.

“म्हणजे मुले खरीच होती,” त्या सावकाश म्हणाल्या, “खोटी होती ती खालची ओळ.”

इथे गाठ सुटली. त्या इतके दिवस मुलाच्या दुखण्यावरच शंका घेत असल्यासारख्या स्वतःला दोष देत होत्या. आता प्रश्न फक्त चित्र आणि मजकूर एकमेकांचे आहेत का, एवढाच उरला.

मग त्यांच्याकडे आलेले आवाहन आम्ही उघडले. नाकात नळी असलेले मूल, खाली खातेक्रमांकाची पट्टी. ती पट्टी कापून फक्त चित्र, चित्रावरून शोध घेणाऱ्या गूगल लेन्समध्ये टाकले, पण काही सापडले नाही. तेव्हा त्यांचे लक्ष उशीच्या अभ्र्याकडे गेले: त्यावरची अक्षरे आरशात दिसावीत तशी उलटी होती. चित्र आडवे उलटवून TinEye या चित्रशोधाच्या संकेतस्थळावर शोधले, निकाल Oldest नुसार, म्हणजे सर्वांत जुना आधी, असे लावले, आणि तेच मूल काही वर्षांपूर्वीच्या बातमीत, वेगळ्या नावाने व वेगळ्या आजाराने समोर आले.

तरीही फोटो आधी कुठे दिसला, एवढ्यावरून निकाल देऊ नये, हे मी आवर्जून सांगते; खऱ्या कुटुंबाचे आवाहनही बातमीत येते किंवा अनेक जण पुढे पाठवतात. नाव, वय, आजार आणि सर्वांत जुनी तारीख आवाहनाशी जुळते का, ते पाहावे. या बाईंच्या बाबतीत यांतले काहीच जुळले नाही.

याउलट, शोधात काही न सापडणे म्हणजेही खरेपणाचा दाखला नव्हे. नवा फोटो किंवा एखाद्या घरगुती गटातून उचललेला फोटो शोधयंत्रापर्यंत पोहोचलेलाच नसतो. अशा वेळी आवाहनातला फोन नंबर बाजूला ठेवून रुग्णालयाचा नंबर स्वतः शोधावा आणि त्यांच्या समाजसेवा विभागाला विचारावे. रुग्णाची माहिती ते गोपनीयतेमुळे देणार नाहीत, पण विशिष्ट रुग्णाच्या बिलापोटी थेट रुग्णालयात रक्कम भरता येईल का, एवढे सांगू शकतात. पुढच्या आवाहनाच्या वेळी त्या बाईंनी हाच मार्ग धरला, आणि रक्कम रुग्णालयाच्या खात्यात भरून पावती घेतली.