बिलाची तारीख ३१ मार्च, पण माल गेटबाहेर पडला २ एप्रिलला

प्रश्न: आर्टिकलशिपचं दुसरं वर्ष. चाकणच्या एका कारखान्याचं ऑडिट चालू आहे. कट-ऑफसाठी ३१ मार्चच्या आधीची पाच आणि नंतरची पाच विक्री बिलं काढली, सगळ्यांच्या तारखा बरोबर आहेत म्हणून टिक केल्या. वर्किंग पेपर परत आला, "हे कट-ऑफ नाही" असा शेरा मारून. मग नक्की बघायचं काय?

उत्तर:

शेरा बरोबर आहे. बिलावरची तारीख आणि लेजरमधली तारीख दोन्ही एकाच सॉफ्टवेअरमधून येतात. त्या जुळल्या तर सॉफ्टवेअर चालू आहे एवढंच कळतं. तुम्हाला शोधायचा आहे तो माल ग्राहकाचा झाला तो दिवस, आणि तोही अशा कागदावरून जो अकाउंट्स खात्याने बनवलेला नाही: वॉचमनचं आउटवर्ड रजिस्टर, वजनकाट्याची पावती, ट्रान्सपोर्टरची एलआर, ग्राहकाचा शिक्का मारलेली पोच.

ई-इनव्हॉइस आणि ई-वे बिल यांच्याबद्दल एक गैरसमज आधी काढू. ३१ मार्चच्या रात्री ११:४० ला आयआरएन निघाला असेल, तर बिल त्या रात्री बनलं हे सिद्ध होतं. मालाबद्दल तो अवाक्षर सांगत नाही. उलट बिलाची तारीख ३१ मार्च आणि पोर्टलची पोच ३ एप्रिलची असेल, तर बिल मागच्या तारखेने केलं असण्याची शक्यता धरून पुढे जा. ई-वे बिलाचा भाग-अ नुसता भरून ठेवता येतो, म्हणून भाग-ब पाहा. गाडीचा नंबर कधी टाकला, ते तिथे वेळेसकट दिसतं. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखापर्यंतच्या मालाला ई-वे बिल लागत नाही. अशा छोट्या बिलांना गेटपास हाच आधार.

आता "पाच आधी, पाच नंतर" याबद्दल. हा आकडा आला कुठून, हे कुणालाच सांगता येत नाही. किती दिवसांची बिलं घ्यायची हे कारखान्याचा माल किती लांब जातो यावर ठरवा. चाकणहून चेन्नई साधारण बाराशे किलोमीटर, गाडीला तीन-चार दिवस लागतात. म्हणजे २६-२७ मार्चपासूनची लांबची बिलं सगळी संशयित. भोसरीला जाणाऱ्या मालासाठी शेवटचे दोन दिवस पुरतात. त्या मुदतीतली मोठ्या रकमेची बिलं सगळी घ्या, उरलेल्यांतून थोडी नमुन्याला. एप्रिलच्या बाजूने पहिल्या पंधरवड्यातल्या क्रेडिट नोटा बघायला विसरू नका. मार्चअखेर टार्गेटसाठी ढकललेला माल बहुतेक वेळा तिथूनच परत येतो.

एक प्रकरण आकड्यांनिशी बघू. आकडे नमुन्याचे आहेत, वर्ष २०२४-२५, कंपनी लहान, म्हणून एएस ९ लागू. दोन बिलं आहेत.

पहिलं ३१ मार्चचं. मूळ किंमत १८ लाख, जीएसटी ३,२४,०००, मालाची उत्पादन किंमत १३,५०,०००. आउटवर्ड रजिस्टरमध्ये गाडी २ एप्रिलला गेली, एलआर २ तारखेची, ई-वे बिलाचा भाग-बही २ तारखेचा. इथे वादच नाही, विक्री पुढच्या वर्षाची. (त्या वर्षी ३० मार्चला रविवार आणि गुढीपाडवा होता, ३१ ला रमजान ईद. या दोन तारखांना जड माल गेटबाहेर पडल्याची नोंद दिसली, तर त्या दिवसाची हजेरी मागवून बघा. लोडिंगला माणसं होती का?)

दुसरं बिल २९ मार्चचं, चेन्नईच्या ग्राहकाचं. गाडी २९ लाच निघाली, पोच २ एप्रिलची. इथे घाई करू नका. ऑर्डरवर "एफओआर चेन्नई" लिहिलंय एवढ्यावरून विक्री एप्रिलची ठरत नाही. कधी कधी त्याचा अर्थ भाडं दरात धरलंय, इतकाच असतो. १९३० च्या माल विक्री कायद्याप्रमाणे, वेगळं काही ठरलेलं नसेल, तर वाहतूकदाराच्या हवाली केलेला माल सर्वसाधारणपणे ग्राहकाला दिल्यासारखाच धरला जातो. म्हणून ऑर्डरच्या मागच्या पानावरच्या अटी वाचा. वाटेत माल फुटला तर नुकसान कुणाचं? ट्रान्झिट विमा कुणाच्या नावावर? आधीच्या वर्षात वाटेत खराब झालेल्या मालाची भरपाई प्रत्यक्षात कुणी सोसली? जोखीम पोचेपर्यंत विकणाऱ्याची आणि विमाही त्याचाच असेल, तर हेही बिल पुढच्या वर्षात जातं. तसं नसेल, तर ते मार्चमध्येच बरोबर आहे. इंड एएस ११५ लागू असलेल्या कंपनीत प्रश्न "मालावर नियंत्रण कधी गेलं" असा विचारतात, पण हेच कागद बघावे लागतात.

निर्यातीत एफओबी किंवा सीआयएफ अट असेल, तर बिल ऑफ लेडिंगवरची माल जहाजावर चढल्याची तारीख धरा. शिपिंग बिल मार्चचं आणि जहाज एप्रिलचं, असं न्हावाशेव्याच्या मालात सर्रास दिसतं.

विक्री काढली की काम अर्धंच झालं. पुढचा प्रश्न: तो माल ३१ मार्चच्या स्टॉकमध्ये धरलाय की नाही? इथेच बहुतेक वर्किंग पेपर ढिले पडतात.

पहिल्या बिलाचा माल मोजणीच्या दिवशी कारखान्यातच पडून होता. मोजणाऱ्याने तो सरळ मोजला असेल, तर तो विक्रीतही आहे आणि स्टॉकमध्येही. अशा वेळी नफा पूर्ण १८ लाखांनी फुगलेला असतो. विक्री काढायची, स्टॉकला हात लावायचा नाही. पण स्टोअरवाल्याने "याचं बिल झालंय" म्हणून ढीग बाजूला ठेवून मोजणीतून वगळला असेल, तर विक्री १८ लाखांनी कमी करायची आणि स्टॉक १३,५०,००० ने वाढवायचा. नफ्यावर परिणाम ४,५०,०००. बिल तेच, तारीख तीच, आणि दुरुस्तीत साडेतेरा लाखांचा फरक. मोजणीचे तक्ते न उघडता हे ठरवताच येत नाही. दुसऱ्या बिलाचा माल रस्त्यात होता, तो मोजणीत येणं शक्यच नाही. विक्री काढली तर तो वाटेतला माल म्हणून उत्पादन किमतीने स्टॉकमध्ये घ्यावाच लागेल.

जीएसटीला हात लावू नका. मालाच्या बाबतीत कराची जबाबदारी बिलाबरोबर येते, त्यामुळे पहिल्या बिलाचे ३,२४,००० मार्चच्या रिटर्नमध्येच राहतात. ग्राहकाचं येणं २१,२४,००० ने कमी करताना १८ लाख विक्रीला नावे टाका आणि कराची रक्कम चालू मालमत्तेत वेगळ्या खात्यात ठेवा. पुस्तकातली विक्री आणि रिटर्नमधली विक्री यांचा हा फरक जीएसटीआर-९सीच्या ताळमेळात येणार आहे, म्हणून त्याची टीप आत्ताच लिहून ठेवा.

पहिल्या बिलावर कंपनी बहुधा म्हणेल, "ग्राहकानेच माल थांबवायला सांगितला होता." हे खरं असू शकतं, आणि तसं असेल तर विक्री मार्चमध्ये राहूही शकते. पण त्यासाठी ग्राहकाची ३१ मार्चपूर्वीची लेखी विनंती हवी, माल त्याच्या नावाने वेगळा काढून तयार ठेवलेला हवा, तो दुसऱ्या कुणाला देण्याची मुभा कंपनीला नसावी, आणि नेहमीच्या अटींवरचं बिल ग्राहकाने मान्य केलेलं असावं. एप्रिलअखेरीस मागवून घेतलेलं "आम्हीच सांगितलं होतं" छापाचं पत्र यात बसत नाही.

खरेदीची दिशा नेमकी उलटी. विक्रीत भीती जास्त दाखवण्याची असते, म्हणून लेजरमधून सुरू करून गेटपर्यंत जायचं. खरेदीत भीती कमी दाखवण्याची. जे बिल नोंदवलंच नाही ते लेजरमध्ये सापडणार कसं? म्हणून इनवर्ड रजिस्टर आणि जीआरएनपासून सुरू करून लेजरकडे यायचं. समजा ३० मार्चच्या जीआरएनने ६,४०,००० चं पोलाद आलं, मोजणीत धरलं गेलं, बिल मात्र ४ एप्रिलला नोंदलं. स्टॉकमध्ये माल आहे, खरेदी नाही, म्हणजे नफा सरळ ६,४०,००० ने जास्त. बिल न आलेल्या जीआरएनची यादी मागा आणि त्या रकमेची तरतूद करायला सांगा. तरतूद जीएसटीविना करा, कारण बिल हातात आल्याशिवाय इनपुट क्रेडिट घेता येत नाही.

सेवांना गेट नसतं, तिथे बिलातला कालावधी वाचायचा. एप्रिल-मे मधल्या बँक स्टेटमेंटमधले मोठे खर्च उचला आणि प्रत्येकामागचं बिल बघा. मार्चच्या वापराचं महावितरणचं बिल, सिक्युरिटी, कंत्राटी कामगार, ट्रान्सपोर्टरचं महिनाअखेरचं बिल हे ठरलेले सुटणारे खर्च. ट्रान्सपोर्टरच्या बिलाचा आणखी एक उपयोग आहे: त्याने लावलेल्या गाड्यांच्या तारखा विक्री बिलांशी लावून पाहा. पैसे मिळायचे असल्याने तो तारखा सहसा खऱ्याच लिहितो.

मागच्या तारखेच्या नोंदी पकडायला सॉफ्टवेअरचा एडिट लॉग वापरा. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना तो चालू ठेवणं बंधनकारक आहे. व्हाउचरची तारीख मार्चची आणि नोंद केल्याची तारीख एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातली, अशी विक्री व्हाउचरं वेगळी काढा. बिल क्रमांकाची मालिकाही तपासा. मार्चच्या शेवटी दोन-चार नंबर रद्द किंवा गायब दिसले, तर ते कशासाठी राखून ठेवले होते हे विचारा. मोजणीच्या दिवशी शेवटचा बिल क्रमांक, शेवटचा गेटपास आणि शेवटचा जीआरएन लिहून घेतलेला असेल, तर हा सगळा व्याप निम्म्यावर येतो. तुमच्याकडे तो कागद नसेल, तर मोजणीला गेलेल्या सहकाऱ्याच्या फाइलमध्ये शोधा.

वर्किंग पेपरमध्ये प्रत्येक बिलासमोर चार तारखा लिहा: बिल, गेट, एलआर, पोच. त्यापुढे ऑर्डरमधली अट आणि माल मोजणीत आहे की नाही. टिक त्यानंतर. चुका सापडल्या तर "पुढच्या वर्षी आपोआप सुटेल" हे उत्तर घेऊ नका. पुढच्या वर्षी ती रक्कम उलट्या बाजूने बसते आणि मग दोन्ही वर्षांचा नफा चुकतो. त्याच कारणाने मागच्या वर्षी न दुरुस्त केलेल्या कट-ऑफच्या चुकांची यादीही काढा, कारण त्या या वर्षीच्या एप्रिलच्या विक्रीत बसलेल्या असतात.