फेसबुकची दोन पेजेस एकत्र करताना कोणतं ठेवायचं?

ताई, फॉलोअर जास्त म्हणून जुनंच पेज ठेवायची घाई करू नका. मर्ज केल्यावर मिटणाऱ्या पेजचे फॉलोअर आणि चेक-इन उरलेल्या पेजवर येतात, पण रिव्ह्यू, फोटो, पोस्ट कायमचे जातात. जुन्यावर ४,००० फॉलोअर, ९ रिव्ह्यू आणि नव्यावर ५००, ८० रिव्ह्यू असतील, तर नवंच ठेवा. ते ४,००० तिकडेच येतील.

दोन्हींचं नाव आणि पत्ता आधी जुळवून घ्या. ‘साई स्वीट्स’ आणि ‘साई केटरर्स’ अशी नावं असली तर विनंती फेटाळली जाऊ शकते. दोन्हीकडे अॅडमिन तुम्हीच हव्यात. जुने फोटो मात्र आधी उतरवून घ्याच, मर्ज झालेलं परत फिरवता येत नाही.